एका केबिन बॅगेत सूट आणि साडी : इंदूरहून पुण्याच्या लग्नाला

इंदूरच्या मराठी घरांत पुण्याचं लग्न हा वर्षातून एकदा तरी येणारा प्रसंग. पूर्वी रात्रीची बस ठरलेली असायची. मोठी सूटकेस डिकीत जायची आणि पोचल्यावर मावशीकडे इस्त्री मिळायची. आता बरेच जण विमानाने जातात, तास-सव्वा तासात उतरतात आणि सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळायला नको म्हणून फक्त केबिन बॅग नेतात. अडचण तिथेच सुरू होते. रिसेप्शनला त्याला सूट घालायचा असतो, तिला महेश्वरी नेसायची असते, आणि दोन्ही मिळून एका लहान बॅगेत जायचं असतं.

हा लेख पहिल्यांदाच असं सामान भरणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण एकच घेतलंय : एक लोकरी सूट, एक शर्ट, एक सहावारी महेश्वरी, तिचा ब्लाउज आणि परकर. बॅग 55 × 35 × 25 सेंटिमीटरची, वजन 7 किलोपर्यंत. देशातल्या विमानांत साधारण एवढीच मुभा असते, तरी तिकिटावरचा आकडा बघून घ्या. चाकं आणि दांडा धरून हे माप असतं, त्यामुळे आत प्रत्यक्षात 50 × 33 च्या आसपासच जागा उरते. पुढची सगळी मापं या आतल्या जागेची आहेत.

आधी वजनाचा हिशेब. रिकामी बॅग सव्वादोन किलोची धरा. सूट दीड किलो, महेश्वरी साधारण अर्धा किलो, ब्लाउज-परकर-शर्ट मिळून पाऊण किलो. म्हणजे पाच किलोपर्यंत आलो. उरलेल्या दोन किलोत बाकीचे कपडे आणि दाढीचं सामान बसतं, पण बूट बसत नाहीत. ते पायात घालूनच जायचं. नाहीतर बुटांच्या कडा सुटावर दाबून बसतील आणि एवढी मेहनत वाया जाईल.

चुणी पडते कशी

कापड दुमडलं म्हणून लगेच चुणी पडत नाही. दुमड तीक्ष्ण असेल, तिच्यावर वजन असेल, कापडात थोडा ओलावा किंवा ऊब असेल आणि हे सगळं काही तास तसंच राहिलं, तर धागे त्या वाकलेल्या आकारात बसतात. इस्त्री नेमकं हेच करते : गरम, ओलं, दाब. सुटाच्या पॅन्टची क्रीझ जशी मुद्दाम बसवतात, तशीच नको असलेली चुणी बॅगेत आपोआप बसते.

यातून पहिला नियम निघतो, आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो : इस्त्री केल्या केल्या कपडा बॅगेत भरायचा नाही. प्रेसवाल्याकडून संध्याकाळी कपडे आले की ते अजून कोमट असतात आणि पाणी शिंपडून इस्त्री केली असेल तर किंचित दमटही. तेव्हाच घडी घालून बॅग बंद केली, तर ती घडी जणू इस्त्रीखालीच घातल्यासारखी होते. कपडे आदल्या संध्याकाळी आणा, रात्रभर हँगरवर टांगा आणि बॅग सकाळी भरा. पावसाळ्यात तर पंख्याखाली टांगा. रेशमी साडी ठेल्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीकडे न देणं बरं. एक ठिणगी किंवा राखेचा कण पुरे होतो.

दुसरा नियम म्हणजे दुमडीला गोलाई द्यायची. दुमडीच्या आत काहीतरी जाड आणि मऊ असलं, की कापड काटकोनात मोडत नाही, वळतं. तिसरा नियम : कापडाला कापडावरून सरकू द्यायचं. दोन थरांमध्ये पातळ प्लास्टिक किंवा मलमल असली तर थर एकमेकांना पकडून ठेवत नाहीत, बॅग हलली की ते सरकतात आणि दाब एकाच रेषेवर बसत नाही. ड्रायक्लीनर सुटावर जी झिरझिरीत पिशवी चढवतो ती या कामाला उत्तम. फेकू नका.

कुठला कपडा प्रवासाला चालेल हे घरीच कळतं. त्याचा एक कोपरा मुठीत घट्ट धरून दहापर्यंत मोजा आणि सोडा. कापडबाजारातले जुने गिऱ्हाईक हेच करतात. लोकर हळूहळू सुटते. टेरीवूलवर चुणी मुळातच कमी पडते, पण पडली तर वाफेने तितकीशी जात नाही. लिननवर चुण्या जशाच्या तशा राहतात, तेव्हा लिननचा सूट असेल तर पोचल्यावर इस्त्री लागणार हे धरूनच चला. कुठलीही घडी त्याला वाचवत नाही.

कोट : अर्धा उलटा करून

सगळ्यांत जास्त गोंधळ कोटाचा होतो. त्याच्या खांद्यात पॅडिंग असतं, छातीत आतून कॅनव्हास किंवा चिकटवलेलं अस्तर असतं आणि लॅपल नुसती दुमडलेली नसते, वळलेली असते. म्हणून कोट शर्टासारखा चौकोनी घडी घालून ठेवला की खांदे चपटे होतात आणि लॅपल मोडते. नंतर वरून कितीही इस्त्री फिरवा, लॅपलचा तो वळसा सहज परत येत नाही.

खिसे रिकामे करा, अगदी पेनसुद्धा काढा. बटणं उघडी ठेवा, कॉलर उभी करा. कोट समोर धरा आणि दोन्ही हात आतून दोन्ही खांद्यांत घाला. आता फक्त डावा खांदा उलटा करा, म्हणजे त्या अर्ध्या भागाचं अस्तर बाहेर येईल. बाही उलटी करायची नाही. ती आपोआप आतल्या बाजूला, कापडाच्या बाजूने लोंबत राहते. मग उजवा खांदा आहे तसाच, सुलटा, त्या उलट्या डाव्या खांद्याच्या खोबणीत बसवा. कोट आता पाठीच्या मधल्या शिवणीवर उभा दुमडला गेला आहे, बाहेरून सगळीकडे अस्तर दिसतंय, दोन्ही बाह्या आत समांतर आहेत आणि दोन लॅपल एकमेकींवर आल्या आहेत.

इथे थांबून हात आत घालून तपासा. बाही वळलेली लागली तर सरळ करा. अस्तराचा कुठे गोळा जाणवला तर कोट झटकून पुन्हा घाला. खांद्याच्या पोकळीत मोजे किंवा मऊ बनियन भरा. ठासून नाही, खांद्याचा आकार राहील एवढंच.

आता हा कोट साधारण 25 सेंटिमीटर रुंद आणि 75 लांब झाला. त्याच्यावर ड्रायक्लीनरची पिशवी चढवा, कमरेच्या थोडं वर आडवा टी-शर्ट गुंडाळून ठेवा आणि त्यावरून एकदाच दुमडा. 25 × 38 चा, जाडसर पण कुठेही न मोडलेला गठ्ठा तयार होतो. अस्तर बाहेर असल्यामुळे घासलं गेलंच तर अस्तर घासतं, वरचं कापड नाही.

पॅन्ट कोटाभोवती

पॅन्टची लांबी सुमारे 105 सेंटिमीटर. ती क्रीझवर क्रीझ ठेवून सपाट करा. दोन कप्प्यांच्या बॅगेच्या एका अर्ध्यात कमरेची बाजू चाकांकडे ठेवा आणि पाय दुसऱ्या टोकावरून बाहेर लोंबू द्या. 50 सेंटिमीटर आत, उरलेले बाहेर. तिच्यावर कोटाचा गठ्ठा, त्यावर घडी घातलेला शर्ट. शर्टाची कॉलर चुरगळू नये म्हणून तिच्या आत पट्टा गोल गुंडाळून ठेवता येतो, तेवढीच जागा वाचते. मग बाहेरचे पाय या सगळ्यावरून परत आत आणा.

पॅन्टला आता एकच दुमड आहे, गुडघ्याच्या आसपास, आणि तिच्या आत कोट-शर्टाची चांगली जाडी आहे. पॅन्टची वेगळी चौपदरी घडी घालण्यापेक्षा हे फार बरं. बॅगेतले आडवे पट्टे लावा, पण ओढून घट्ट करू नका. वर हात ठेवल्यावर कपडे घसरत नाहीत एवढं पुरे. कडेला सात-आठ सेंटिमीटरची पट्टी उरते, तिथे मोजे भरा म्हणजे गठ्ठा इकडेतिकडे सरकणार नाही.

साडी : घडी नको, गुंडाळी

दुकानातल्यासारखी साडीची चौकोनी घडी बॅगेत छान बसते, म्हणून सगळे तीच घालतात. पण साडेपाच मीटरची साडी रुंदीत दोनदा आणि लांबीत चारदा दुमडली की चौसष्ट थर होतात आणि आडव्या मोडी थेट पदरावर आणि निऱ्यांवर दिसतात. जरीच्या साडीला हे आणखी वाईट. खऱ्या जरीत रेशमी किंवा सुती धाग्याभोवती धातूची चपटी तार गुंडाळलेली असते. कापड वाकतं, तार मोडते. त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा घडी पडली की तिथे जर काळपट दिसते आणि शेवटी उसवते.

त्याऐवजी नळीवर गुंडाळा. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये किंवा शीतलामाता बाजारात ज्या दुकानात तागे येतात तिथे पुठ्ठ्याची रिकामी नळी मागा. बहुतेक दुकानदार तशीच देऊन टाकतात, फार तर चहाचं विचारतात. पाच सेंटिमीटर व्यासाची नळी घ्या आणि 40 सेंटिमीटर लांब कापा. पुठ्ठा साडीला थेट लागू देऊ नका. धुतलेली पांढरी मलमल तिच्यावर दोन वेढे गुंडाळून टोकं नळीच्या आत खोचा.

साडी पलंगावर किंवा दिवाणावर अंथरा. दोघे असाल तर काम निम्म्या वेळात होतं. रुंदी साधारण 115 सेंटिमीटर असते, तिचे तीन समान भाग करा. खालचा काठ आत घ्या, मग त्यावर वरचा काठ आत घ्या. पट्टी 38 सेंटिमीटरची झाली. चार भाग केले तर पट्टी अरुंद होते, पण एक घडी जास्त पडते. बॅगेच्या लांबीत 38 सहज बसतात, तेव्हा तीनच करा. घडीची रेषा काठावर येत नाही ना हे बघा. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सुलटा दिसतो, म्हणून तो सरळ राहिलेला जास्त चांगला.

गुंडाळायला सुरुवात पदराकडून करायची नाही. परकरात खोचतात ते साधं टोक नळीवर ठेवा आणि तिथून सुरू करा. पदर सर्वांत शेवटी, सर्वांत बाहेरच्या वेढ्यात येतो, आणि तिथे वळण सर्वांत सैल असतं. महेश्वरीच्या पदरावरचे रंगीत आणि पांढरे पट्टे नेसल्यावर समोर येतात. सुरकुती तिथे दिसली तर लगेच डोळ्यात भरते.

दोन वेढे झाले की थांबा, तळहाताने पट्टी सपाट करा, मग पुढे चला. गुंडाळी घट्ट नको, सैलही नको. उचलल्यावर आतली नळी घसरून बाहेर आली तर सैल आहे.

दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. पहिली, तिरप्या सुरकुत्या. पट्टीच्या दोन्ही कडा समांतर नसल्या की गुंडाळी एका बाजूला सरकत जाते आणि कापडावर तिरके ताण पडतात. दिसताच उलगडून सरळ करा, पुढे जाऊन ते आपोआप नीट होत नाही. दुसरी गोष्ट फॉलची. खालच्या काठाला शिवलेला फॉल एका बाजूची जाडी वाढवतो, आणि वरच्या पद्धतीने घडी घातली तर तो सगळा गुंडाळीच्या एकाच टोकाला येतो. मग ते टोक जाड होऊन गुंडाळी गाजरासारखी होते, आणि बारीक टोकाकडचं कापड सैल राहून चुरगळतं. त्यावर उपाय सोपा आहे. दुसऱ्या टोकाला मलमलीची एक अरुंद पट्टी गुंडाळीबरोबर आत जाऊ द्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतात. फॉल साधारण पहिल्या तीन मीटरपर्यंतच असतो, तिथपर्यंतच ही पट्टी लागते.

तयार गुंडाळीचा व्यास नऊ-दहा सेंटिमीटर होतो. तिच्यावर धुतलेला सुती परकर गुंडाळा. परकर नाहीतरी न्यायचाच आहे, आणि साडीला याहून चांगलं कव्हर मिळणार नाही. मात्र नवा, रंग सोडणारा परकर नको. रबर लावू नका, त्याचा व्रण उमटतो. परकराची नाडीच सैल बांधा. अत्तर किंवा डांबराची गोळी जवळ ठेवू नका, जरीची तार काळी पडायला वेळ लागत नाही.

पैठणी असेल तर पद्धत हीच, फक्त पदर जड असल्याने शेवटच्या मीटरभर भागावर मलमलीचा एक थर आत घ्या. नऊवारीची गुंडाळी बारा सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि दोन कप्प्यांच्या बॅगेत झाकण दाबून बसतं. नऊवारी नेणार असाल तर सूट दुसऱ्या बॅगेत जाऊ दे.

ही गुंडाळी बॅगेच्या दुसऱ्या अर्ध्यात लांबीने, कडेला ठेवा. शेजारी ब्लाउज, हुक लावून आणि मलमलीत गुंडाळून. हुक उघडा राहिला तर साडीचा धागा ओढणारच. दागिने आणि साडीपिना वेगळ्या छोट्या डबीत, साडीपासून लांब.

सुटाचं कव्हर केबिन बॅगेत

शिंपी सुटाबरोबर जे न विणलेल्या कापडाचं चेनवालं कव्हर देतो, ते सुमारे 60 रुंद आणि 100 ते 110 लांब असतं. त्याची एक घडी घातली तरी 60 ची रुंदी 33 मध्ये बसत नाही. म्हणून लोक ते तिघडी करून कोंबतात. हँगरचे खांदे आत रुततात आणि कोट तिथेच मोडतो. केबिन बॅगेत हँगरसकट कव्हर न्यायचंच नाही. रिकामं, सपाट घडी घालून बॅगेच्या तळाशी ठेवा, तिकडे पोचल्यावर सूट टांगायला कामी येतं.

कव्हर हातावर टाकून स्वतंत्र नेण्याचा विचार असेल तर आधी विमान कंपनीला विचारा, ते दुसरा नग म्हणून मोजलं जाऊ शकतं. न्यायला मिळालंच तर ते वरच्या कप्प्यात सर्वांत शेवटी, सगळ्या बॅगांवर आडवं ठेवा, आणि मधल्या दुमडीत गुंडाळलेला टॉवेल घाला. साडी हँगरवर कव्हरमध्ये नेणार असाल तर तारेचा हँगर चालणार नाही. पॅन्ट टांगायच्या हँगरच्या जाड दांडीवर हातरुमालाचे दोन-तीन वेढे घ्या आणि मगच साडी टाका. जड जरीची साडी तरीही टांगून नेऊ नये, तिचं वजनच कापड ओढतं.

इंदूरहून सुटणारी काही विमानं छोटी, पंख्यांची असतात. त्यांच्या वरच्या कप्प्यांत चाकांची टणक बॅग कधी बसत नाही आणि शिडीपाशी ती खालच्या सामानात द्यावी लागते. तिकीट काढताना विमान कुठलं आहे ते बघा. तशी शक्यता असेल तर बॅग टणक कवचाचीच घ्या, म्हणजे वर दुसऱ्या बॅगा पडल्या तरी दाब कवचावर येतो. मोठ्या विमानात बॅग आडवी ठेवा आणि सुटाची बाजू वर राहील असं बघा.

पोचल्यावर

बॅग लगेच उघडा. चुणी बसायला वेळ लागतो, तेव्हा जेवून मग बघू म्हणत तीन तास बंद ठेवलेली बॅग हीच खरी चूक. कोट सुलटा करून रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा, पॅन्ट घोट्याकडून टांगा म्हणजे कमरेच्या वजनाने ती सरळ होते. साडी उलगडा आणि दाराच्या वरच्या कडेवर स्वच्छ चादर टाकून तिच्यावर पसरा.

तासाभराने लोकरी सुटावर काही राहिलं असेल तर वाफ द्या. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावा, सूट पाण्यापासून लांब टांगा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. दमट हवेत लोकर सैल पडते आणि सुकताना सरळ होते. बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू नका आणि अंगातही घालू नका. ओलसर लोकरीवर जो आकार येईल तो तसाच सुकतो, कोपराची घडीसुद्धा.

साडीला हे करू नका. रेशमावर पाण्याचा थेंब पडला की डाग राहू शकतो, आणि बाथरूमच्या छतावरून थेंब गळतातच. रेषा राहिलीच तर इस्त्री अगदी कमी ठेवून, उलट्या बाजूने आणि मध्ये सुती कापड घालून फिरवा. जरीवर थेट नको. नळीवरून आलेल्या साडीवर फार तर लांबीच्या दिशेने दोन रेषा असतात आणि निऱ्या घातल्या की त्या दिसत नाहीत. पदर मोकळा सोडायचा असेल तरच इस्त्रीची गरज पडते.

परतीला कपडे घामाने दमट असतात आणि बॅग भरताना घाई असते. सूट आणि साडी रात्रभर पंख्याखाली टांगून मगच भरा. साडी नळीवर पुन्हा गुंडाळताना या वेळी थोडं पुढे-मागे करून तिघडी घ्या, म्हणजे मोड त्याच जागी पडणार नाही. इंदूरला पोचल्यावर नळीवरून काढून मलमलीत ठेवा. पुठ्ठ्याची नळी प्रवासापुरती ठीक, कपाटात वर्षभर ठेवायला नाही.